कार्यशाळेत दुसऱ्याच्या कच्च्या कवितेवर पहिलं वाक्य काय बोलावं?

हरकाम्या

आम्ही आठ-दहा जण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकाच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. प्रत्येकाने एक कच्ची कविता आणायची, झेरॉक्स वाटायच्या, वाचायची, मग बाकीच्यांनी बोलायचं. चहा-खारी असते. गेली दोन वर्षं चाललंय.

मागच्या बैठकीत एक काका पहिल्यांदाच आले होते. पिठाची गिरणी चालवत होते, आता मुलगा बघतो. त्यांनी गिरणीवरचीच कविता वाचली. चांगली होती, पण शेवटच्या तीन ओळींत 'जीवनाचं जातं' वगैरे आलं. वाचून झाल्यावर सगळे दोन सेकंद गप्प. ती शांतता मला सहन झाली नाही आणि मी म्हणालो, "काका, शेवटच्या तीन ओळी उडवा."

काकांनी कागदाची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली आणि कागद खिशात गेला. त्यानंतर लोक बरंच बोलले, चांगलंही बोलले, पण काका फक्त "हो हो" म्हणत होते. या महिन्यात ते आले नाहीत.

माझं म्हणणं अजूनही तेच आहे, त्या तीन ओळी जायलाच हव्यात. म्हणजे बोललो ते खोटं नव्हतं. मग चुकलं काय? आणि पहिलं वाक्य कुठलं असायला हवं होतं? 'छान आहे' म्हणायचं माझ्या जिवावर येतं, कारण ते सगळेच सगळ्यांना म्हणतात.

खडूफळा

मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. उत्तर सोपं आहे. आधी कौतुक, मग चूक, शेवटी परत कौतुक. कडू गोळी गुळात घालून द्यायची. तुम्ही गूळ विसरलात, एवढंच.

निशिगंधा_ठाणे

खडूफळा सर, मी त्या गुळाची गिऱ्हाईक आहे म्हणून सांगते. दोन-तीनदा तसा प्रतिसाद मिळाला की पुढच्या वेळी गूळ लागतच नाही. समोरचा "खूप सुंदर झालीये, प्रतिमा छान आहेत" म्हणत असतो आणि मी त्याचा 'पण' कधी येतोय त्याची वाट बघत असते. 'पण' आला की आधीचं सगळं धुऊन जातं. शेवटचं कौतुक तर कानावर पडतच नाही, तोवर मी मनातल्या मनात भांडत असते.

गझलवेडा

एवढं हळवं व्हायचं कारण नाही. कविता ही कारागिरी आहे. मीटर चुकलं तर चुकलं, ते आधी सांगायचं, कारण त्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. आमच्याकडे इस्लाहची परंपरा आहे. गालिब आपल्या शागिर्दांच्या गझला पत्रांतून दुरुस्त करत. 'तुला कसं वाटेल' असं विचारत बसले असते तर गझल कुठून आली असती?

परवाचंच उदाहरण. एका नव्या मुलाची ओळ होती, भुजंगप्रयातात लिहायचा प्रयत्न: "तुझी वाट बघून डोळे निवाले". लगागा लगागा लगागा लगागा असं चालायला हवं. 'बघून'मध्ये पहिलंच अक्षर लघु, तिथे गुरू हवा. मी म्हटलं 'पाहून' कर. एका शब्दात ओळ सरळ. पहिलं वाक्य हेच असावं: काय मोडलंय ते.

मुकुंद_ना

गझलवेडा, तुमची दुरुस्ती बरोबर आहे. 'तुझी वाट पाहून डोळे' बिनचूक बसतं. मात्रा हे मत नाही, मोजता येतं, म्हणून ते स्पष्टच सांगावं हेही मान्य. फक्त ओळ परत एकदा वाचा. वाट पाहून डोळे 'निवतात' का? वाट पाहून डोळे शिणतात. ज्याची वाट पाहिली तो दिसला की निवतात. 'निवाले' तिथे यमकाच्या आणि मीटरच्या सोयीने आलंय. ओळ उलटा अर्थ सांगतेय, आणि तुम्ही दोघं 'बघून-पाहून'वर बसलात.

टोमणा म्हणून लिहिलं नाही, माझंही असंच व्हायचं. जे चटकन दिसतं तेच माणूस पहिल्यांदा बोलतो आणि पुढची चर्चा तिथेच अडकते. शुद्धलेखन, मात्रा, शेवटच्या ओळी. चटकन दिसलेली चूक खरी असते, ती सर्वांत मोठी असतेच असं नाही.

मी एकोणीस वर्षं असा गट चालवतोय, पूर्वी गावात, आता शहरात. आमच्याकडे पहिल्या फेरीत चूकही नाही आणि कौतुकही नाही. कविता वाचताना तुम्हाला काय दिसलं, काय ऐकू आलं, कोण बोलतंय असं वाटलं, ते दोन-तीन वाक्यांत सांगायचं. "मला एक बाई रिकाम्या प्लॅटफॉर्मवर दिसली, तिच्या हातात डबा आहे, तिला गाडी पकडायची नाहीये असं वाटलं." इतकंच. 'आवडलं' हा शब्द त्या फेरीत चालत नाही.

हरकाम्या

पण कवीला माहीतच असतं ना त्यानेच लिहिलेलं? त्याला परत तेच सांगून काय मिळतं?

मुकुंद_ना

त्याला स्वतःच्या डोक्यातलं माहीत असतं. कागदावर त्यातलं किती उतरलं ते त्याला कळायला मार्गच नसतो. एका कवीने घटस्फोटावर लिहिलं आणि आमच्यातल्या सहा जणांना ती मुलगी परदेशी गेल्याची कविता वाटली. एकानेही 'ही ओळ काढा' म्हटलं नव्हतं, पण तो घरी गेला आणि पहिलं कडवं नव्याने लिहून आला. सूचना देऊन इतकं झालं नसतं.

आणि तुमच्या काकांचं म्हणाल तर, माणूस पहिल्यांदा आपली कविता लोकांसमोर ठेवतो तेव्हा त्याला एकच प्रश्न पडलेला असतो. पोचलं का? तुम्ही त्याचं उत्तर दिलंच नाहीत, थेट तीन ओळी कापल्यात. नंतर लोक जे बोलले ते सांत्वन वाटलं असणार.

पाटीलबुवा_सातारा

नमस्कार. माझ्या चारशेच्या वर कविता आहेत. सगळ्या वृत्तबद्ध. गेल्या सहा महिन्यांत पाच दिवाळी अंकांना पाठवल्या, एकाचंही उत्तर नाही. प्रतिसादाचा विषय निघालाच आहे तर कोणी सांगेल का, संपादक उत्तर का देत नाहीत?

खडूफळा

पाटीलबुवा, इथे विषय वेगळा आहे. दुसरा धागा काढा, तिथे बोलू.

पाटीलबुवा_सातारा

वेगळा कसा? कोणी काहीच न बोलणं हाही प्रतिसादच. हरकाम्यांच्या काकांना निदान तीन ओळींचा तरी मिळाला.

हरकाम्या

बुवा, हे मात्र लागलं.

परदेशी_पावणा

लंडनहून लिहितोय. मला मुकुंद_नांचं पटतंय, पण एक मोठा अपवाद डोळ्यांसमोर आहे. एलियटच्या 'द वेस्ट लँड'चा कच्चा खर्डा एझ्रा पाउंडने अक्षरशः सोलून काढला. कविता १९२२ साली छापली गेली, आणि त्या खर्ड्याची पानं १९७१ साली पाउंडच्या रेघोट्यांसकट प्रसिद्ध झाली. बघण्यासारखी आहेत. पानंच्या पानं आडवी मारलेली. चौथा भाग नव्वदेक ओळींचा होता, तो दहा ओळींवर आला. पाउंडने 'मला काय दिसलं' वगैरे सांगितलं असेल असं वाटत नाही. आणि एलियटने ती कविता त्यालाच अर्पण केली.

गझलवेडा

+१. हेच म्हणतोय मी.

मुकुंद_ना

चांगलं उदाहरण काढलंत, पण ते पूर्ण सांगूया. पाउंड आणि एलियट यांची ओळख १९१४ पासूनची, म्हणजे सात-आठ वर्षांचा विश्वास आधीच होता. एलियटने खर्डा स्वतःहून त्याच्या हातात दिला होता. गालिबकडे गझल पाठवणाऱ्या शागिर्दानेही उस्ताद स्वतः निवडलेला असायचा. गच्चीवर पहिल्यांदा आलेल्या काकांनी हरकाम्यांना उस्ताद केलेलं नव्हतं.

दुसरं म्हणजे, एवढी कापाकापी झाल्यावर एलियटचा धीर सुटला. उरलेल्या त्या दहा ओळीही काढून टाकू का, असं त्याने पाउंडला पत्रात विचारलं. पाउंडने ठाम सांगितलं की नाही, त्या तिथे हव्यातच. कापणाऱ्याने काय ठेवायचं तेही तितक्याच ठामपणे सांगितलं, म्हणून आज तो भाग आहे. आमच्याकडचे कापणारे अर्धंच काम करतात.

आणि त्याच पानांवर एलियटच्या बायकोचंही अक्षर आहे. एका भागाच्या समासात तिने 'वंडरफुल' असं लिहिलंय. कौतुकच, पण विशिष्ट ओळींच्या शेजारी केलेलं. 'एकूण छान' म्हणण्यात आणि यात फरक आहे.

निशिगंधा_ठाणे

हे सगळं हवेत चाललंय असं वाटतंय. माझी एक कच्ची कविता टाकते. तिच्यावरच करून दाखवा. हरकाम्या, तुम्ही पहिलं वाक्य बोला.

*बाबांचं कपाट*

*बाबा गेल्यावर तेराव्या दिवशी*
*उघडलं त्यांचं कपाट*
*आत होती एक पोकळी*
*अथांग, अनंत, असीम*
*वरच्या खणात विजेची बिलं*
*१९८७ पासूनची, वर्षवार, रबर लावून*
*हात लावताच रबर तुटलं*
*आठवणींचा सागर उसळला*
*डोळ्यांतून आसवांचा पूर आला*
*खालच्या खणात चपलांचा एक जोड*
*न वापरलेला*
*किमतीचं लेबल तसंच*
*मला कळलं*
*माणूस जातो, वस्तू उरतात*
*हेच जीवन असतं*

खडूफळा

ताई, वडिलांवरची कविता आहे. यावर काय बोलणार? मन भरून आलं. अशा कवितेची चिरफाड करू नये.

निशिगंधा_ठाणे

सर, तीन वर्षं झाली. चिरफाड करायलाच टाकलीये.

मुकुंद_ना

खडूफळांनी जो संकोच केला तो योग्यच आहे, पण त्यावर उपाय आहे. अशा कवितेवर बोलण्याआधी एवढंच विचारायचं की आज हिच्यावर काम करायचंय की नुसती ऐकवायची होती? काही वेळा माणसाला फक्त ऐकवायची असते. मग ऐकायची, चहा घ्यायचा, पुढची कविता घ्यायची. निशिगंधाताईंनी उत्तर दिलंच आहे.

आणि बोलताना 'तुझे बाबा', 'तू रडलीस' म्हणायचं नाही. 'कवितेतली मुलगी' म्हणायचं. सुरुवातीला नाटकी वाटतं, पण 'तू इथे जास्त रडलीस' आणि 'कवितेतली मुलगी इथे रडते तेव्हा मी बाहेर राहिलो' यांत पहिलं वाक्य माणसाला लागतं, दुसरं कवितेला.

हरकाम्या

बरं, प्रयत्न करतो. मला एक व्यवस्थित माणूस दिसला. कमी बोलणारा. कपाट उघडणारी मुलगी मला दारातच उभी दिसली, आत न शिरता. रबर तुटलं तेव्हा मला आवाज ऐकू आला, खरं तर आवाज नसतोच तो, जुनं रबर चिकटून नुसतं सुटतं. तिथे मी थांबलो.

शेवटच्या तीन ओळी... नाही, थांबतो.

निशिगंधा_ठाणे

"जुनं रबर चिकटून नुसतं सुटतं." हो! तसंच झालं होतं. मला वाटायचं ती ओळ अगदीच साधी आहे, सागर आणि पूर तिला आधार म्हणून आणले होते.

रेवाकाठ

इंदूरहून. मी वाचकच जास्त, लिहीत नाही. मला मात्र ती चप्पल जास्त लागली. आमच्याकडेही असं असतं, चांगली वस्तू ठेवून द्यायची. पण नक्की काय वाटलं ते सांगू शकत नाही. वाईट वाटलं की राग आला, कळेना.

मुकुंद_ना

रेवाकाठ, 'कळेना' हे फार कामाचं बोललात. आता बघा, दोन वाचक दोन ठिकाणी थांबले, आणि दोन्ही ठिकाणी वस्तू आहेत. पोकळीपाशी, सागरापाशी, पुरापाशी कोणी थांबलं नाही. तिथे काही चुकलंय असं अजून कोणी म्हटलेलं नाही, तरी निशिगंधाताईंना ते दिसू लागलं.

अमेरिकेतल्या नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९० साली अशा चर्चेची एक पद्धत बसवली. नाचासाठी बसवली, पण लेखकही वापरतात. तिच्यात पाहणाऱ्यांनी आधी काय भिडलं ते सांगायचं, मग कलाकाराने त्याचे प्रश्न विचारायचे, मग पाहणाऱ्यांनी, आणि मत अगदी शेवटी, तेही परवानगी घेऊन. आम्ही ती जशीच्या तशी पाळत नाही, तेवढा वेळ नसतो. एका कवितेला आमच्याकडे पंधरा मिनिटं असतात. त्यातली पहिली पाच 'काय दिसलं', पुढची पाच प्रश्न, उरलेली मोकळी.

अवघड असतं ते प्रश्न विचारणं. प्रश्नाच्या पोटात मत नको. "शेवट इतका उपदेशासारखा का केला?" हा प्रश्न नाही, ही थप्पड आहे. "चपलेचं माप काय?" हा प्रश्न.

परदेशी_पावणा

मग विचारतोच. माप काय?

निशिगंधा_ठाणे

नऊ. बाबांचंच.

मीच घेतली होती. पहिल्या पगारातून. त्यांनी "ठेव, सणावाराला घालीन" म्हटलं आणि कधीच घातली नाही. अकरा वर्षं.

रेवाकाठ

अगं! म्हणून मला राग आला होता. कोणावर ते आत्ता कळलं.

गझलवेडा

हे कवितेत का नाही? हीच तर कविता आहे. "पहिल्या पगाराची चप्पल" हा मथळाच करा, आणि शेवट 'कपाटात चालत राहिली' असा काहीतरी.

मुकुंद_ना

गझलवेडा, इथेच गडबड होते. ताईंनी एक गोष्ट सांगितली आणि तुम्ही तिची कविता लिहायला घेतलीत. 'कपाटात चालत राहिली' वाईट नाही, पण ती तुमची ओळ आहे, तुमच्या गझलेत टाका. ताईंच्या कवितेत कोणी चालत नाही. सगळं जागच्या जागी आहे, ती तशीच कविता आहे.

सूचना द्यायचीच तर जागा दाखवावी, शब्द देऊ नये. मी एकदा एका मुलीला शेवटची ओळ बोलून दाखवली होती. फार खूश झालो होतो स्वतःवर. तिने ती जशीच्या तशी घेतली, कविता छापूनही आली, आणि त्यानंतर तिने मला एकही कच्ची कविता दाखवली नाही. विचारलं तर म्हणाली, लोक त्याच ओळीचं कौतुक करतात, मला कसंतरी होतं.

गझलवेडा

इस्लाहमध्ये उस्ताद शब्दच देतो. त्यात कमीपणा कोणी मानत नाही. माझं म्हणणं मी सोडत नाही.

मुकुंद_ना

सोडू नका. तिथे दोघांनाही करार माहीत असतो. माझं म्हणणं गच्चीवरच्या दहा जणांपुरतं आहे.

खडूफळा

एक शंका. समजा कवितेत काहीच दिसलं नाही तर? चाळीस ओळी 'मन, क्षण, आभाळ, एकांत'. मी अशा शेकडो वाचल्यात. मग काय म्हणायचं, मला काही दिसलं नाही?

हरकाम्या

आमच्याकडे दर महिन्याला एक असतेच. मीही लिहिलीये.

मुकुंद_ना

सर, तुमचा प्रश्न सगळ्यांत कठीण आहे आणि माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी काय करतो ते सांगतो. सर्वांत जवळ कुठे गेलो ते शोधतो. चाळीस ओळींत एखादं क्रियापद तरी असतं, जिथे कवीने स्वतः काहीतरी पाहिलेलं असतं. त्यावर बोट ठेवून म्हणतो, "इथे मी एक क्षण आत आलो, मग परत बाहेर पडलो." बाहेर पडलो हेही सांगतोच, लपवत नाही. कधी तेवढंही सापडत नाही. तेव्हा मी पहिला बोलत नाही, दुसऱ्या कोणाला काही सापडतंय का बघतो. अनेकदा सापडतं. न सापडल्याने मीच वाईट वाचक ठरलो असंही दोनदा झालंय.

निशिगंधा_ठाणे

त्यापेक्षा कविता दुसऱ्या कोणाला तरी वाचायला लावा. आमच्या जुन्या गटात कवी स्वतः वाचायचा नाही, शेजारचा वाचायचा. तो जिथे अडखळतो तिथे काहीतरी असतं. कोणी टीका न करता कळतं. आणि कवीचा सूर नसतो, तो सूर फार फसवतो. मी 'अथांग, अनंत, असीम' असं काही वाचते की लोकांच्या अंगावर काटा येतो. परवा ही कविता भाच्याला वाचायला दिली तर तो त्या तीन शब्दांवरून रेशनची यादी वाचावी तसा गेला.

परदेशी_पावणा

हाहा. ते तीन शब्द तसे एकच आहेत, त्याचं बरोबरच आहे.

खडूफळा

गुळाची पद्धत मी पूर्ण सोडणार नाही. पाचवीतल्या मुलाला 'मला काय दिसलं' सांगत बसलो तर तो खिडकीबाहेर बघतो. त्याला शाबासकी लागते. पण मोठ्या माणसांसाठी हे पटलं. अर्धं पटलं म्हणा.

निशिगंधा_ठाणे

नवा खर्डा. दोन दिवस बसले.

*बाबांचं कपाट*
*तेराव्या दिवशी उघडलं.*

*वरच्या खणात विजेची बिलं,*
*१९८७ पासूनची, वर्षवार, रबर लावून.*
*हात लावला तर रबर*
*न तुटता सुटलं.*

*खालच्या खणात चपलांचा जोड,*
*नऊ नंबर,*
*किमतीचं लेबल तसंच.*
*माझ्या पहिल्या पगाराचा.*

सागर, पूर, पोकळी, जीवन सगळं गेलं. कोणी 'काढ' म्हणालं नव्हतं, हे नोंदवून ठेवते. शेवटच्या ओळीबद्दल खात्री नाही.

रेवाकाठ

शेवटची ओळ ठेवा. त्याशिवाय मला राग कोणावर आला ते कळणार नाही.

परदेशी_पावणा

मी उलट म्हणेन. 'नऊ नंबर' आणि लेबलावर संपली तर चप्पल कोणी घेतली हा प्रश्न माझ्याकडे राहतो. आता उत्तर मिळालं आणि मी निघालो.

गझलवेडा

'न तुटता सुटलं' ही ओळ भारी आहे. कुठे आणि का ते सांगायचं ना, तर सांगतो. 'तुट' आणि 'सुट' यांचं यमक आहे पण ते ओळीच्या पोटात आहे, कानाला उशिरा कळतं. बघा, शिकलो. आणि त्या मुलाला मेसेज केला की डोळे निवाले बघ परत. त्याने लिहिलंय की त्याची प्रेयसी ओळीच्या शेवटी येते, म्हणून निवाले. मला वाटत नाही ती येते. पण विचारलं मी, सांगितलं नाही.

मुकुंद_ना

निशिगंधाताई, शेवटच्या ओळीवर इथे एकमत होणार नाही आणि व्हायलाही नको. सगळ्यांच्या सूचना घेतल्या की कविता पंचायतीची होते. माझं मत हवं असेल तर देईन, नको असेल तर खर्डा महिनाभर बाजूला ठेवा.

निशिगंधा_ठाणे

नको. महिनाभर ठेवते.

हरकाम्या

धागा मी काढला होता, त्यामुळे पुढचं सांगतो. काल काकांना फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं, इतकी धास्ती. म्हटलं, काका, तुमच्या कवितेतला पट्टा माझ्या डोक्यातून जात नाहीये. गिरणी बंद केल्यावरही पट्टा थोडा वेळ फिरत राहतो आणि घरातलं कोणी तोवर बोलत नाही, ते मला दिसलं. आमच्या घरी वडील कामावरून आले की असंच व्हायचं, ते चप्पल काढेपर्यंत सगळे गप्प.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुठली ओळ? पट्ट्याची?"

म्हटलं हो.

म्हणाले, "ती मी काढून टाकली. तुम्ही शेवटच्या तीन म्हणालात, मी सात काढल्या. म्हटलं आधीच सगळं खराब असणार."

रेवाकाठ

अरे देवा. जुनी प्रत आहे का त्यांच्याकडे?

हरकाम्या

फाडली म्हणाले. पण त्या दिवशी वाटलेल्या झेरॉक्समधली माझी माझ्याकडे आहे. शेवटच्या तीन ओळींवर माझ्या पेनाची मोठी फुली आहे, ती तशीच घेऊन रविवारी त्यांच्याकडे जातोय.